दहाव्या वर्षी जमीन शून्य कशी?

दिंडोरीच्या द्राक्ष पॅकहाउसचा तुमचा दहा वर्षांच्या आवक-जावकीचा तक्ता पाहिला. शेवटच्या वर्षी जमिनीची किंमत शून्य धरलीय, ते आधी दुरुस्त करा. जमिनीवर घसारा नसतो. तिचे 60 लाख दहाव्या वर्षी आवक म्हणून परत दाखवा. इमारत 90 लाखांची, आयुष्य 30 वर्षं, म्हणजे तिचेही 60 लाख उरतात. वर्षाला 12 टक्के वटाव दराने या 120 लाखांचं आजचं मूल्य साधारण 38.6 लाख.

आता भाववाढ. तुमची विक्री आणि खर्च आजच्या भावाने आहेत, तेव्हा जमिनीचीही महागाईच्या वरची वाढच धरा. मी आधी ती शून्य धरून बघतो. तेवढ्यावर प्रकल्प तोट्यात जात असेल आणि वाढ धरल्यावरच नफ्यात येत असेल, तर कमाई पॅकहाउसची नाही, जमिनीची आहे. आणि प्लॉट एमआयडीसीचा असेल तर फक्त उरलेल्या भाडेपट्ट्याची किंमत धरा, हस्तांतरण शुल्क वजा करून.