मोठा त्रिकोण, त्याच्या पोटातला उलटा त्रिकोण आणि एक टाचणी

प्रश्न: त्रिकोणाचे मध्यगासंपात, परिकेंद्र आणि शिरोलंबसंपात एकाच रेषेत येतात, हे सूत्रं वापरून पडताळून पाहिलं. पण ते तसे का येतात, हे काही केल्या कळत नाही. कुणी समजावून सांगेल का?

मी निपाणीत नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. सूत्रांनी उत्तर जुळतं पण कारण हाती लागत नाही, हा तुमचा अनुभव अगदी खरा आहे. मी मुलांना हे पुठ्ठ्यावर दाखवतो, तसंच तुम्हालाही सांगतो.

आलेख-कागदावर A(0, 0), B(12, 0) आणि C(3, 9) हे बिंदू घ्या, एकक सेंटिमीटर. A मधून BC वर लंब टाकला तर तो y = x ही रेषा होतो. C मधला शिरोलंब उभा, म्हणजे x = 3. दोन्ही (3, 3) वर भेटतात. हा शिरोलंबसंपात, याला H म्हणू. AB चा लंबदुभाजक x = 6 आहे, आणि त्यावर तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावर (6, 3) हा एकच बिंदू आहे. तो परिकेंद्र O. शिरोबिंदूंच्या निर्देशकांची सरासरी काढली की मध्यगासंपात G मिळतो, (5, 3). तिन्ही बिंदू y = 3 वर आले, आणि HG = 2, GO = 1. (रेषा पायाला समांतर आली ती मी आकडे सोयीचे निवडले म्हणून. एरवी ती तिरकी असते.)

आता कारण. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडा. BC चा मध्य D, CA चा E, AB चा F. आत एक छोटा त्रिकोण DEF तयार होतो. पहिल्यांदा हे काढलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर उलटं हाय की!" त्याने नेमकी किल्लीच पकडली होती. मध्यगासंपात प्रत्येक मध्यगेला 2 : 1 असा विभागतो, म्हणून A कडून G पर्यंत येऊन तसंच सरळ निम्मं अंतर पुढे गेलं की D येतो. B वरून E, C वरून F. म्हणजे मोठा त्रिकोण G भोवती अर्धा फेरा फिरवला आणि निम्मा केला, की DEF मिळतो. मोठ्यातला कुठलाही बिंदू या फिरवण्यात G च्या पलीकडे, त्याच सरळ रेषेत, निम्म्या अंतरावर जाऊन बसतो.

मग H कुठे जाईल? मोठ्याचा शिरोलंबसंपात छोट्याच्या शिरोलंबसंपातावरच जाणार. आणि छोट्याचे शिरोलंब म्हणजे काय ते बघा. DE ही AB ला समांतर आहे. F मधून DE वर टाकलेला लंब AB लाही लंब असणार, आणि F तर AB चा मध्यबिंदू. म्हणजे तो AB चा लंबदुभाजकच झाला! उरलेल्या दोघांचंही असंच. छोट्याचे शिरोलंब हेच मोठ्याचे लंबदुभाजक, म्हणून छोट्याचा शिरोलंबसंपात म्हणजे O. H हा G च्या पलीकडे निम्म्या अंतरावर O वर पोहोचला. एकाच रेषेत असण्याचं आणि HG = 2 GO असण्याचं कारण एकच आहे. ऑयलरने ही गोष्ट 1765 साली मांडली, म्हणून तिला ऑयलर रेषा म्हणतात.

हाताने करून बघायचं असेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून हा त्रिकोण कापा, आणि दुसरा बरोब्बर निम्म्या मापाचा. दोन्हींवर आपापले G आणि H खुणेने मांडा. छोटा मोठ्यावर ठेवून दोघांच्या G मधून टाचणी टोचा. बाजू समांतर धरून सुरुवात करा आणि छोटा अर्धा फेरा फिरवा. त्याची टोकं मोठ्याच्या बाजूंच्या मध्यावर येतात आणि त्याचा H मोठ्याच्या O वर. हे बघितल्यावर माझ्या मुलांनी पुन्हा "का" विचारलेलं नाही. शिकवणीत कन्नड माध्यमाचीही मुलं येतात, ती H ला लंबकेंद्र म्हणतात, पण टाचणी फिरवताना शब्द कुणालाच अडत नाहीत.

आकृती बिघडते ती बहुधा त्रिकोणाच्या निवडीत. बाजू 10, 10.5 आणि 11 सेंमी घेतल्या तर H आणि O मध्ये जेमतेम 1 सेंमी अंतर उरतं, आणि G पासून O फक्त 3 मिमीवर. पेन्सिल मिलिमीटरभर सरकली तरी रेषा मोडल्यासारखी दिसते, आणि मूल समजतं की प्रमेयच चुकलं. समभुज त्रिकोणात तर तिन्ही एकाच ठिकाणी येतात, रेषाच उरत नाही. विशालकोनात H आणि O बाहेर पडतात, तेव्हा बाजू वाढवून शिरोलंब काढावे लागतात. काटकोनात H काटकोनाच्या टोकावर आणि O कर्णाच्या मध्यावर, म्हणजे तिथे ऑयलर रेषा ही मध्यगाच असते.

आणि तुमचा एखादा बिंदू रेषेवर बसतच नसेल, तर आधी बघा की लंबदुभाजकाऐवजी कोनदुभाजक तर काढले नाहीत ना. कोनदुभाजकांनी अंतर्वर्तुळाचं केंद्र मिळतं, आणि ते समद्विभुज त्रिकोण सोडला तर या रेषेवर येत नाही.