उरलेली २२ युनिटं कुणाची?

"ताई, आमच्या आणि शेजारच्या काकांच्या घराला मिळून एकच बोअर आहे. मोटारीचं कनेक्शन वेगळं आहे आणि त्याचं बिल आमच्या नावावर येतं. पॅनलमध्ये दोन्ही घरांचे वेगळे स्विच आणि वेगळे सब-मीटर आहेत. मी दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही सब-मीटरचे फोटो काढते आणि बिल आलं की काकांना रक्कम कळवते. या वेळी बिल २१४ युनिटांचं, १,८४२ रुपयांचं आलं. त्यात १३० रुपये स्थिर आकार आहे. माझ्या दोन फोटोंमध्ये ३० दिवस आहेत, बिलावर मात्र ३३ दिवस दिसतात. आमच्या सब-मीटरवर ११८ युनिटं पडली, म्हणून उरलेली ९६ त्यांची धरून मी ८३३ रुपये कळवले. काकांचं उत्तर आलं, 'माझ्या मीटरवर ७४ च पडलीत.' तेव्हापासून बोलणं बंद आहे. बिल भरायची तारीख जवळ आलीय. वाद न वाढवता पैसे मागणारा मेसेज कसा लिहू?"

काकांचं बरोबर आहे, आणि मेसेजमध्ये हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे. तुम्ही स्वतःची युनिटं मीटरवरून घेतलीत आणि काकांची वजाबाकीतून काढलीत. त्यामुळे मुख्य मीटर आणि सब-मीटर यांच्यातला सगळा फरक एकट्या काकांच्या माथी बसला. त्यांच्या मीटरचा फोटो तुमच्याच हातात असताना त्यातला आकडा वापरला नाही, हे कुणालाही खटकेल.

आता फरक कुठून आला ते बघा. दोन्ही सब-मीटर मिळून १९२ युनिटं होतात, बिल २१४ चं आहे, म्हणजे २२ युनिटं जास्त. एवढी वीज तारांमध्ये हरवत नाही. रोजचा वापर १९२ भागिले ३०, म्हणजे साधारण ६.४ युनिटं आहे. बिल ३३ दिवसांचं असल्यामुळे त्याच वेगाने २११ युनिटं व्हायला हवीत. उरली जेमतेम ३. मीटरांना एखाद्या टक्क्याचा फरक माफ असतो, शिवाय पॅनलमधल्या इंडिकेटरची वीज सब-मीटरच्या आधी घेतली असेल तर तीही मुख्य मीटरवरच पडते. म्हणजे चोरी नाही, बिघाड नाही. रीडिंग घेणारा माणूस तीन दिवस उशिरा आला, एवढंच.

म्हणून सब-मीटरवरची युनिटं थेट दराने गुणायची नाहीत. ती फक्त प्रमाण ठरवायला वापरायची आणि बिलाचे पैसे त्या प्रमाणात वाटायचे. मग दिवसांचा फरक दोघांनाही सारखाच लागतो. स्थिर आकार मोटार किती चालली यावर ठरत नाही, तो निम्मा-निम्मा. १,८४२ मधून १३० वजा केले की १,७१२ राहतात. त्यातले काकांचे १,७१२ गुणिले ७४ भागिले १९२, म्हणजे ६६० रुपये, आणि स्थिर आकाराचे ६५. एकूण ७२५. तुमचे १,०५२ आणि ६५ मिळून १,११७. दोन्हींची बेरीज १,८४२ येते. तुम्ही काकांकडे १०८ रुपये जास्त मागितले होते. मागच्या बिलाची थकबाकी किंवा विलंब आकार बिलात असेल तर तो या वाटणीतून आधीच बाजूला काढा. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याचा तो.

मेसेज असा पाठवा:

"काका, नमस्कार. तुमचा ७४ चा आकडा बरोबर आहे. मी आमची युनिटं बिलातून वजा करून उरलेली तुमची धरली होती, ती पद्धत चुकीची होती. नवा हिशेब असा: सब-मीटरवर आमची ११८, तुमची ७४, एकूण १९२. बिल २१४ युनिटांचं आहे कारण ते ३३ दिवसांचं आहे आणि आपले फोटो ३० दिवसांचे. म्हणून बिलाची रक्कम ११८ ला ७४ या प्रमाणात वाटली. स्थिर आकार १३०, निम्मा ६५. उरलेल्या १,७१२ पैकी तुमचे ६६०. एकूण ७२५ रुपये. बिलाचा आणि दोन्ही मीटरचे मागचे-आताचे फोटो सोबत आहेत. आधीच्या बिलांचाही याच पद्धतीने पुन्हा हिशेब करते; तुमचे जास्त गेले असतील ते यातून वळते करू. पुढच्या वेळी रीडिंग आपण दोघं मिळून घेऊ या का?"

यात "गैरसमज झाला असावा" किंवा "कृपया राग मानू नका" असलं काही घालू नका. काकांना आकडे पडताळता आले की पुरे.

फोटोंची पद्धतही थोडी बदला. दोन सब-मीटरसोबत मुख्य मीटरचाही फोटो घ्या, तिन्ही एकापाठोपाठ, मोटार बंद असताना. एकाच वेळी घेतलेल्या तीन आकड्यांचा मेळ कोणत्याही तारखेला घालता येतो, त्यामुळे बिलाची तारीख पुढेमागे झाली तरी शंका उरत नाही. प्रत्येक फोटोत मीटरचा नंबर दिसला पाहिजे. डिजिटल मीटरचा पडदा आलटून पालटून वेगवेगळे आकडे दाखवतो. kWh दिसेपर्यंत थांबा, नाहीतर kVAh चा आकडा टिपला जातो आणि तो सहसा थोडा मोठा असतो. चाकांच्या मीटरवर शेवटचं लाल चाक दशांशाचं असतं. ते पूर्णांकात वाचलं की युनिटं दहापट होतात, आणि असे घोळ फोटोत सहज पकडले जातात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो मूळ तारीख-वेळ सोबत नेत नाही, म्हणून तारीख मेसेजमध्ये लिहा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एवढं करूनही तिन्ही आकड्यांत तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक राहिला, तर काकांना सोबत घेऊन पॅनलपाशी उभं राहा. आधी दोन्ही स्विच बंद करा आणि मुख्य मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. तो लुकलुकत राहिला तर सब-मीटरच्या आधीच काहीतरी जोडलेलं आहे, बहुतेक वेळा मोटारीच्या खोलीतला दिवा. ९ वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत राहिला तरी ३३ दिवसांत ७ युनिटं होतात. त्यानंतर फक्त तुमच्या बाजूने मोटार तासभर चालवा. ३ एचपीची मोटार तासाला साधारण ३ युनिटं घेते. मुख्य मीटर आणि तुमचा सब-मीटर सारखेच वाढले पाहिजेत, काकांचा जागचा हलता कामा नये. एक-दोन दशांशांचा फरक सोडून द्या, तेवढा फरक वाचण्यातच पडतो. मग हेच काकांच्या बाजूने करा. टाकीत तेवढी जागा आहे ना, हे आधी बघा. ज्या बाजूला मेळ बसत नाही तिथला सब-मीटर बदलायचा, खर्च निम्मा-निम्मा, आणि बदलताना जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग दोन्हींचे फोटो घ्यायचे.