फजिती झाल्यावर कोणतं गाणं लावायचं?

अरे, माईकवर चुकीचं नाव घेतलंस एवढंच ना, मी कर्वे रोडला भलत्याच लग्नात आहेर देऊन फोटोपण काढून आलोय. सुरुवातीला सगळे रडकी गाणी लावतात, तिथंच फसतात, कारण शब्द मनाला लागतात आणि तोच सीन परत फिरतो. तू ‘ईना मीना डीका’ घे, १९५७ चं, किशोरकुमारचं, चाल आपल्या सी. रामचंद्रांची. शब्दांना अर्थच नाही, म्हणून कुढायला जागा नाही.

- नुसतं ऐकू नको, मोठ्यानं म्हण, मी हेल्मेटमध्ये म्हणतो.
- दुसऱ्यांदा आपली फजिती त्याच चालीत घाल, ‘आहेर दिला भलत्याला’ म्हणताना सिग्नललाच हसू फुटलं.
- दोनदा बास, लूपवर लावलंस की गाणंच फजितीची आठवण होऊन बसतं.