स्कॅन वाचता येत नाही म्हणून क्लायंटकडे मुदत कशी मागावी?

प्रश्न: मी फ्रीलान्स अनुवादक आहे. एका वकिलांनी १९६० च्या सुमाराच्या हस्तलिखित खरेदीखताचं इंग्रजी भाषांतर मागितलंय. १४ पानांची पीडीएफ आहे आणि बरंचसं वाचताच येत नाही. शुक्रवारी द्यायचं कबूल केलंय. वेळ मागणारं पत्र कसं लिहू, म्हणजे टाळाटाळ वाटणार नाही?

उत्तर:

पत्र आजच पाठवा. गुरुवारी रात्री पाठवलंत, तर कारण कितीही खरं असलं तरी टाळाटाळच वाटेल. पण त्याआधी अर्धा तास एक तपासणी करा, कारण पत्रात काय मागायचं ते तिच्यावर ठरतं.

पीडीएफमधलं एखादं न लागणारं अक्षर ४०० टक्के मोठं करून बघा. कडा चौकोनी, दातेरी दिसल्या तर दोष स्कॅनचा आहे. बहुतेक वेळा कोणीतरी झेरॉक्सचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेला असतो आणि त्यात फाइल दाबली जाते. अशा वेळी मूळ कागद ३०० डीपीआयवर, रंगीत स्कॅन करून मिळाला की बरंच काम होतं. रंगीत अशासाठी की निळी शाई आणि तिच्यावरचा जांभळा शिक्का वेगळे दिसतात. काळ्या-पांढऱ्यात दोन्हींचा एकच डाग होतो. याउलट कागदाचे धागे, घडीची रेघ स्वच्छ दिसतेय आणि शाईच उडालीय, तर पुन्हा स्कॅन करून फायदा नाही. मग दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल काढावी लागते. ती तुम्ही नाही, वकिलांनी काढायची. तिला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नसतं, म्हणून त्या पानांची तारीख नक्कल हाती आल्यापासून मोजा.

किती दिवस मागायचे? सगळ्यात खराब दोन पानं घड्याळ लावून करा आणि त्यावरून हिशेब करा. अंदाजाने मागितलेले दोन दिवस पुरत नाहीत, आणि दुसऱ्यांदा मुदत मागणं फार जड जातं.

मी असं पत्र लिहीन:

विषय: खरेदीखताचे भाषांतर – अस्पष्ट पाने व सुधारित तारीख

मा. वकीलसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेली १४ पाने मी पूर्ण पाहिली. १ ते ८ ही पाने वाचता येतात. त्यांचे भाषांतर ठरल्याप्रमाणे शुक्रवारी पाठवते. ९ ते १४ या पानांवर पुढील अडचण आहे.

पान ९, ओळ ६: क्षेत्र “२ एकर १_ गुंठे”. शेवटचा अंक १ आहे की ९, ते लागत नाही.
पान १०, चतुःसीमा: पूर्वेकडील सर्व्हे नंबर शिक्क्याखाली गेला आहे.
पान ११ ते १४: उजव्या कडेची दोन-तीन अक्षरे स्कॅनमध्ये कापली गेली आहेत.

या जागांची चित्रे सोबत जोडली आहेत. क्षेत्र आणि सीमा अंदाजाने लिहिणे योग्य होणार नाही. मूळ दस्त आपल्याकडे असल्यास ही सहा पाने ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून ईमेलने पाठवावीत. त्या काळचा सातबारा किंवा फेरफाराची नक्कल असल्यास तीही पाठवावी. पाने मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत उरलेले भाषांतर देईन. न्यायालयातली तारीख त्याआधी असल्यास कृपया आजच कळवावे, म्हणजे काय आधी द्यायचे ते ठरवता येईल.

आपली,
(नाव)

यात माफीचा पाढा नाही, “खूप प्रयत्न केला” नाही. वकिलांना पान आणि ओळ दिसली की ते कारकुनाला सांगून काम हलवू शकतात. नुसतं “स्कॅन नीट नाही” लिहिलंत तर उत्तर येतं, “आमच्याकडे तर दिसतंय.” चित्रं जोडायची ती म्हणूनच. आणि शेवटचा प्रश्न जरूर विचारा: शुक्रवार ही बऱ्याचदा त्यांची सोयीची तारीख असते, दाखल करायची खरी तारीख पुढे असते.

सातबारा मागण्याचं कारण असं की क्षेत्र तिथेही असतं, त्यामुळे अंक ताडून बघता येतो. थोडं हिशेबानेही लागतं. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून एकरापुढे गुंठ्यांचा आकडा ३९ च्या वर जात नाही. पहिला अंक ३ आहे की ६ असा घोळ असेल तर तो तिथेच सुटतो. ११ की १९ हा मात्र असा सुटत नाही.

ते म्हणाले, “अंदाजाने टाका, चालेल,” तर भाषांतरात त्या जागी चौकटी कंसात “अस्पष्ट: ११ किंवा १९” असं इंग्रजीत लिहा आणि अचूकतेच्या दाखल्यात त्या पान-ओळींचा उल्लेख करा. सही तुमची आहे. आठ गुंठ्यांचा फरक उद्या न्यायालयात निघाला तर विचारणा तुम्हालाच होणार.