मुदत विमा स्वस्त का पडतो?

तुम्ही विचारले आहे की एक कोटीच्या मुदत विम्याचा हप्ता इतका कमी असताना, तेवढ्याच रकमेच्या बचत पॉलिसीला लाखांत पैसे का मोजावे लागतात. हिशेब मांडून पाहा. समजा, तिशीतल्या 10,000 निरोगी माणसांनी प्रत्येकी एक कोटीचा विमा घेतला आणि त्यांपैकी वर्षभरात 10 जण दगावले, तर कंपनीला 10 कोटी द्यावे लागतील, म्हणजे माणशी 10,000 रुपये. कोण जाईल हे कुणालाच ठाऊक नसते, पण गट मोठा असला की किती जातील याचा अंदाज बराच जवळ येतो. वय वाढेल तशी जोखीम वाढते, म्हणून दीर्घ मुदतीचा समान हप्ता थोडा जास्त असतो. खर्च आणि नफाही त्यात येतात.

बचत पॉलिसीत मात्र 20 वर्षांनी जिवंत असलेल्या प्रत्येकाला एक कोटी द्यायचे असतात. तेथे जोखीम वाटली जात नाही, ज्याची त्याची रक्कम साठवावी लागते. पाच टक्के व्याज धरले तरी त्यासाठी दरवर्षी सुमारे 2 लाख 88 हजार रुपये लागतात. शिवाय साठा वाढतो तसतसा कंपनीचा खरा धोका घटतो, कारण मृत्यूनंतर दिल्या जाणाऱ्या रकमेत तुमचेच साठलेले पैसे असतात.

एजंटने ‘मुदत विम्यात पैसे बुडतात’ म्हटले, तर हे आठवा: तो हप्ता त्या दहा घरांत पोहोचलेला असतो. आणि अर्जात तंबाखू किंवा जुना आजार लपवू नका. दावा बहुधा तेथेच अडतो.