हेक्सोकायनेजच्या खाचेत काय घडतं

"एटीपी फुटला की ३०.५ किलोज्यूल मिळतात असं पुस्तकात आहे. ती ऊर्जा दुसऱ्या अभिक्रियेपर्यंत पोचते कशी? नुसती बेरीज करून चालतं का?"

तुमचा संशय रास्त आहे. मी निपाणीत पीयूच्या मुलांना शिकवतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली हुशार मुलंही इथेच अडतात, कारण 'एटीपी फुटतो, ऊर्जा मिळते' हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलेलं असतं. त्यांना मी उसाच्या रसापासून समजावतो. गुऱ्हाळावरून आणलेला रस रात्रभर राहिला की सकाळी फेस धरून आंबतो. त्यातलं यीस्ट साखर फोडून ग्लुकोज आत घेतं आणि सगळ्यात आधी त्याला फॉस्फेट चिकटवतं.

हेच काम सुट्या फॉस्फेटने करायचं तर ΔG°′ येतो +१३.८ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे २५ अंशांना समतोल स्थिरांक साधारण ०.००४. ग्लुकोज आणि फॉस्फेट दोन्ही ५ मिलिमोलर धरा. ०.००४ × ०.००५ × ०.००५ केलं की ग्लुकोज-६-फॉस्फेट जेमतेम ०.१ मायक्रोमोलर होतं. एवढ्यावर यीस्टचं भागत नाही.

एटीपीचे −३०.५ त्यात मिळवले की −१६.७ येतात आणि स्थिरांक ८५० च्या घरात जातो. (हे आकडे सगळं १ मोलर धरून आहेत. पेशीत एटीपी एडीपीपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे तिथे −३०.५ च्या जागी −५० च्या आसपास भरतात.) पण ही बेरीज केव्हा खरी? एकाच नळीत एटीपी पाण्याने फुटत राहिला आणि ग्लुकोज नुसतं शेजारी असलं, तर उष्णता निघून जाते आणि ग्लुकोज होतं तसंच राहतं.

यीस्टमध्ये ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम म्हणजे हेक्सोकायनेज, आणि ते एटीपी पाण्याने फोडतच नाही. ग्लुकोज खाचेत बसलं की एन्झाइमचे दोन भाग त्याच्यावर मिटतात आणि पाणी बाहेर ढकललं जातं. मग ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन थेट एटीपीच्या टोकाचं फॉस्फेट ओढून घेतो. सुटं फॉस्फेट मध्ये कुठे तयारच होत नाही. कागदावर दोन ओळींची बेरीज करताना पाणी आणि फॉस्फेट दोन्हीकडून कटतात ना, ते याचंच चित्र आहे. ΔG फक्त सुरुवात आणि शेवट बघतो, म्हणून हिशोबाला ती दोन ओळींची वाट चालते. पेशीत मात्र एकच अभिक्रिया घडते.

याचा पुरावा मला फार आवडतो. ग्लुकोजऐवजी झायलोज दिलं, तर ते खाचेत बसतं, पण त्याला सहावा कार्बनच नाही. खाच तरीही मिटते, रिकाम्या राहिलेल्या जागेत पाण्याचा रेणू शिरतो आणि फॉस्फेट त्याच्याकडे जातं. एटीपी हळूहळू संपत जातो, झायलोज जसंच्या तसं राहतं.