आधी अर्ज त्याचा, पण आधी मसाला कुणाचा?

"वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात मी २०१८ पासून 'धुरा' नावानं काळा मसाला विकते. पाकिटावर धुऱ्यावर बसून भाकर खाणाऱ्या बाईचं चित्र आहे. ते गावातल्याच एका पोरानं २,५०० रुपये घेऊन काढून दिलं होतं. आता तालुक्याच्या एका दुकानदारानं 'धुरामाई' मसाला काढला, चित्रही तेच. बाजारात लोकं माझाच समजून त्याचा माल नेऊन राहिले. वरून म्हणतो, मी ट्रेडमार्कचा अर्ज टाकला, आता तूच नाव बदल. भाऊजी म्हणतात मसाल्याचं पेटंट घे. काय करू?"

ताई, नाव बदलू नका. अर्ज टाकला म्हणजे नाव मिळालं असं होत नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३४ प्रमाणे, त्याच्या वापराआधी आणि अर्जाआधीपासून तुम्ही हे नाव सलग वापरत असाल, तर त्याला नोंदणी मिळाली तरी तो तुमचा वापर थांबवू शकत नाही. मात्र 'आधीपासून' हे कागदावर दाखवावं लागतं.

म्हणून आज घरातलं कपाट उघडा. पाकिटं छापल्याची प्रेसची बिलं, अन्न परवाना, बचत गटाच्या प्रदर्शनाच्या पावत्या, मोबाइलवर आलेल्या जुन्या ऑर्डरी, तारखेसह फोटो असं सगळं एका फाइलीत लावा. तुम्ही २०१८ म्हणता, पण सर्वांत जुनं बिल २०१९ च्या दिवाळीचं निघालं, तर अर्जात २०१९ च लिहा. वापराच्या तारखेसोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, आणि ओढूनताणून मागे नेलेली तारीख उलटतपासणीत पहिली पडते. मग खऱ्या तारखेवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नंतर ipindia.gov.in वर ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात वर्ग ३० निवडून DHURA टाका. मसाले याच वर्गात येतात. त्यानं खरंच अर्ज केला आहे की नुसता दम देतोय, ते तिथंच कळेल. अर्ज असेल तर तो ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला का, यावर दर आठवड्याला नजर ठेवा. छापल्यापासून चार महिन्यांत तुम्हाला लेखी हरकत घेता येते. ऑनलाइन फी २,७०० रुपये. ही मुदत वाढवून मिळत नाही. चुकली तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करता येतो, पण तो रस्ता लांबचा आणि खर्चाचा.

सोबत तुमचा स्वतःचा अर्जही टाका. व्यक्तीला एका वर्गासाठी ऑनलाइन फी ४,५०० रुपये. नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे वाढवता येते. 'काळा मसाला' हे शब्द कोणालाच एकट्याला मिळणार नाहीत, ते मालाचं वर्णन आहे. पण 'धुरा'चा मसाल्याशी काही संबंध नाही (पश्चिमेकडच्यांना तर त्याला बांध म्हणतात हे सांगावं लागतं), म्हणून नाव कायद्याच्या दृष्टीनं दमदार आहे. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर ™ चालेल. गोलातला ® छापू नका, त्याबद्दल दंड होतो.

चित्राची गोष्ट वेगळी. नावाला कॉपीराइट नसतो, चित्राला असतो, आणि तो चित्र काढल्याबरोबर आपोआप जन्मतो. अडचण अशी की पैसे तुम्ही दिले तरी हक्क तुमच्याकडे आला, असं धरून चालता येत नाही. तो पोरगा तुमचा पगारी नोकर नव्हता. त्यानं उद्या तेच चित्र दुसऱ्याला विकलं तर? म्हणून त्याच्याकडून सही करून लेखी हस्तांतरण घ्या. त्यात चित्राचं वर्णन, किती रक्कम दिली, आणि हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी जगभर दिला, हे शब्द हवेत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो.

तुम्ही पाठवलेली दोन्ही पाकिटं मी शेजारी ठेवून पाहिली. तुमच्या पाकिटावर 'निव्वळ वजण' असं छापलंय, आणि त्याच्याही पाकिटावर 'वजण'च आहे. चित्र योगायोगानं सारखं निघालं असं तो म्हणेल. ही चूकही योगायोगानं सारखी कशी निघाली, ते त्याला सांगावं लागेल. तुमची जुनी पाकिटं फेकू नका, त्याचं एक पाकीट बिलासकट विकत घेऊन ठेवा. पुढच्या छपाईत मात्र शब्द दुरुस्त करा.

भाऊजींना सांगा, पेटंट विसरा. ते नव्या शोधाला मिळतं. घराघरात चालत आलेलं पारंपरिक ज्ञान आणि पदार्थांचं नुसतं मिश्रण पेटंट कायद्यानं वगळलंय. अर्ज केला तर उलट तुमचं प्रमाण जगाला वाचायला मिळेल. किती खोबरं, किती दगडफूल, हे घरातच राहू द्या.

फाइल तयार झाली की त्याला वकिलामार्फत नोटीस द्या. नाही थांबला, तर तुमची नोंदणी झालेली नसतानाही, तुमचा माल म्हणून स्वतःचा खपवल्याबद्दल जिल्हा न्यायालयात दावा लावून तातडीची मनाई मागता येते. त्यासाठी बाजारात फसलेल्या दोनतीन गिऱ्हाइकांची नावं आत्ताच लिहून ठेवा.